सबंध संत्रे आणि डब्यातला रस : 'साखर मिसळलेली नाही' याचा नेमका अर्थ

नागपूर आणि संत्रे हे समीकरण महाराष्ट्राला नवे नाही. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात आणि त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडाशी मृग बहाराची गोड संत्री येतात. वर्षातील निदान पाच-सहा महिने विदर्भातील मुलांना हे फळ सहज मिळू शकते. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. तरीही याच नागपुरात, ऐन हंगामात, मुलांच्या शाळेच्या दप्तरात संत्र्याऐवजी रसाचा कागदी डबा दिसू लागला आहे. डब्यावर संत्र्याचे रसरशीत चित्र असते आणि त्याखाली 'नो ॲडेड शुगर', म्हणजेच 'साखर मिसळलेली नाही', असे शब्द असतात. हे शब्द वाचून पालक निश्चिंत होतात, शिक्षक हरकत घेत नाहीत आणि एखाद्या कार्यक्रमासाठी खाऊची खरेदी करणारी ग्रामपंचायतही हाच डबा पौष्टिक समजून निवडते.

हे शब्द बहुधा खोटे नसतात. मात्र त्यांतून ज्या प्रश्नाचे उत्तर मिळते, तो प्रश्न पालकांच्या मनातला नसतो. कारखान्यात वरून साखर घातली काय, एवढेच ते सांगतात. मुलाच्या पोटात किती साखर जाणार, याविषयी ते मौन पाळतात. या दोन गोष्टींतील अंतर समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कायदा काय म्हणतो

खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर कोणते दावे करता येतात, याचे नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये केले. 'साखर मिसळलेली नाही' असे लिहावयाचे असेल तर त्या नियमांनुसार चार अटी पाळाव्या लागतात. पहिली अट उघड आहे. साखर, ग्लुकोज, मध, काकवी किंवा तत्सम कोणताही गोड पदार्थ त्यात घातलेला नसावा. दुसरी अट अशी की, ज्यात आधीच साखर घातली आहे असा जॅमसारखा घटकही वापरलेला नसावा. तिसरी अट महत्त्वाची आहे. साखरेचे काम करणारा दुसरा पदार्थ, उदाहरणार्थ आटवून दाट केलेला फळांचा रस किंवा सुक्या फळांचा लगदा, गोडीसाठी घातलेला नसावा. चौथी अट अशी की, पिष्टमय पदार्थाचे रासायनिक विघटन घडवून आतल्या आत साखर वाढविलेली नसावी.

नियम काटेकोर आहेत आणि ग्राहकाच्या हिताचे आहेत. परंतु हे चारही नियम बाहेरून आलेल्या किंवा वाढविलेल्या साखरेविषयी आहेत. फळाच्या रसात निसर्गतः जी साखर असते तिला यांपैकी एकही अट लागू होत नाही. त्यामुळे निव्वळ संत्र्याच्या रसाने भरलेल्या डब्यावर हे शब्द पूर्णपणे कायदेशीर ठरतात. आता त्या डब्यात प्रत्यक्षात काय असते ते पाहू.

एका संत्र्याचा हिशेब

मध्यम आकाराचे नागपुरी संत्रे सालीसकट सुमारे १५० ग्रॅम भरते. साल, बिया व दोरे काढल्यावर खाण्याजोगा भाग साधारण १०० ग्रॅम उरतो. त्यात नऊ-दहा ग्रॅम साखर, दीड ते दोन ग्रॅम तंतुमय भाग आणि बाकी बहुतांशी पाणी असते. 'क' जीवनसत्त्व आणि इतर उपयुक्त द्रव्ये असतातच. पाच-सहा वर्षांचे मूल असे एक संत्रे फोड-फोड करून खाते. क्वचित दुसरे मागते. तिसरे संपविणारे मूल विरळा.

हेच संत्रे पिळले तर साधारणतः ६० मिलिलिटर रस निघतो. म्हणजे २०० मिलिलिटरचा एक डबा भरावयास तीन ते साडेतीन संत्री लागतात. या संत्र्यांतील साखर जवळजवळ सगळी रसात उतरते, आणि चोथा गाळणीत राहतो. तंतुमय भाग नाममात्र उरतो. मूल जी तीन संत्री एका बैठकीत खाणार नाही, त्यांची साखर ते नळीने दोन-तीन मिनिटांत ओढून घेते. वरून साखरेचा एक कणही घातलेला नसताना असे घडते, हे लक्षात घेतले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत 'मुक्त शर्करा' ही संज्ञा वापरली आहे. स्वयंपाकघरात किंवा कारखान्यात घातलेली साखर ही तर मुक्त शर्करा होयच. परंतु मध, पाक, फळांचा रस आणि आटवलेला रस यांत निसर्गतः असलेली साखरही त्याच सदरात धरली आहे. सबंध फळातील साखर मात्र तीत धरलेली नाही. साखर तीच, फळही तेच. भेद आहे तो फळाच्या पेशी शाबूत आहेत की फुटल्या आहेत, एवढाच. आपला कायदा 'घातलेली साखर' मोजतो आणि आहारशास्त्र 'मुक्त साखर' मोजते. डब्यावरील शब्दांबाबतचा सारा घोटाळा या दोन मोजपट्ट्यांमुळे होतो.

मुलाची मर्यादा किती

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका डब्यावर पुढच्या बाजूस 'साखर मिसळलेली नाही' असे लिहिले आहे. मागील बाजूच्या पोषणतक्त्यात १०० मिलिलिटरमागे 'टोटल शुगर्स', म्हणजे एकूण साखर, १०.५ ग्रॅम आणि 'ॲडेड शुगर्स', म्हणजे घातलेली साखर, शून्य ग्रॅम असे आकडे आहेत. डबा २०० मिलिलिटरचा आहे. तेव्हा मुलाच्या पोटात २१ ग्रॅम साखर जाईल. पाच ग्रॅमचा एक चमचा धरला तर ही चार चमच्यांहून थोडी अधिक होते.

चार ते सहा वर्षांच्या बालकाला दिवसाला सुमारे १३६० किलोकॅलरी ऊर्जा लागते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यांत नमूद आहे. मुक्त साखरेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्य तर ती पाच टक्क्यांच्या खाली ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १३६० चे दहा टक्के म्हणजे १३६ किलोकॅलरी. एक ग्रॅम साखर चार किलोकॅलरी देते, म्हणून ही मर्यादा ३४ ग्रॅमची झाली. पाच टक्क्यांची मर्यादा १७ ग्रॅमची होते. आपल्या उदाहरणातील एकाच डब्याने १७ ग्रॅमची मर्यादा ओलांडली, आणि ३४ ग्रॅमपैकी बराच मोठा वाटा खर्ची पडला. सकाळचा चहा, दुधातील साखर, बिस्किटे आणि घरचा गोड पदार्थ यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

तक्त्यातील आणखी एक रकाना वाचकाची दिशाभूल करू शकतो. तेथे दैनंदिन गरजेच्या किती टक्के भाग मिळतो ते छापलेले असते. ही टक्केवारी दिवसाला २००० किलोकॅलरी घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीस धरून काढलेली असते, आणि साखरेसाठी तीत केवळ घातलेल्या साखरेचे ५० ग्रॅम हे माप वापरतात. साहजिकच रसाच्या डब्यावर येथे शून्य टक्के दिसते. लहान मुलासाठी हा रकाना बाजूस ठेवून एकूण साखरेचा आकडाच पाहणे श्रेयस्कर होय.

चोथ्याचे कार्य

केवळ चोथा गेल्याने इतके काय बिघडते, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झालेल्या एका प्रयोगात मिळते. १९७७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. दहा निरोगी व्यक्तींना वेगवेगळ्या दिवशी सफरचंदे सबंध, त्यांचा लगदा आणि त्यांचा रस, अशा तीन रूपांत देण्यात आली. तिन्ही वेळा शर्करेचे प्रमाण सारखेच होते. रस सबंध फळापेक्षा अकरा पट वेगाने पिऊन झाला. पोट भरल्याची भावना सबंध फळाने सर्वांत अधिक आणि रसाने सर्वांत कमी आली. रस घेतल्यावर रक्तातील इन्सुलिन अधिक वाढले आणि त्यानंतर रक्तशर्करा अधिक खाली उतरली. सबंध फळानंतर असे झाले नाही.

हा प्रयोग प्रौढांवरील होता, त्यामुळे त्यातील आकडे मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु त्यामागील कारण वयावर अवलंबून नाही. फळ चावावे लागते, त्यास वेळ लागतो आणि तेवढ्यात पोट भरल्याची सूचना मेंदूला मिळते. फळातील साखर पेशींच्या पडद्याआड असते व ती सावकाश मोकळी होते. रसात हे दोन्ही अडसर उरत नाहीत. मूल रस पिते आणि थोड्याच वेळाने पुन्हा भूक लागली म्हणते, किंवा उलट, जेवणापूर्वी रस पिऊन भाजी-भाकरी टाळते, हा अनुभव अनेक घरांत येतो. दातांचा प्रश्नही आहेच. रसात साखर व आम्ल दोन्ही असतात. मूल नळीने किंवा बाटलीने तो थोडा थोडा करून बराच वेळ पीत राहिले, तर दातांना तेवढा वेळ दोहोंचा संपर्क घडतो. बाटलीतून रस पाजून बालकाला झोपविणे तर सर्वथा टाळावे.

संत्र्याचा रस कडू का होतो

नागपुरी संत्र्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. घरी काढलेला रस ताजा असताना गोड लागतो, पण काही तास ठेवला किंवा तापविला तर कडवट होतो. संत्र्यात लिमोनीन नावाच्या कडू द्रव्याचे एक पूर्वरूप असते आणि ते चवीला कडू नसते. फळ पिळल्यावर हे पूर्वरूप रसातील आम्लाच्या संपर्कात येते आणि हळूहळू त्याचे लिमोनीन बनते. बिया चिरडल्या गेल्या तर कडवटपणा वाढतो. सबंध फळ खाताना ही क्रिया घडण्यास अवसरच मिळत नाही. म्हणून नागपुरी संत्रे हे मुख्यतः सोलून खाण्याचे फळ म्हणून नावाजले गेले.

डब्यातला रस मात्र तापवून निर्जंतुक करावा लागतो व महिनोन् महिने टिकवावा लागतो. म्हणून कडवटपणा कमी करण्याची काही तजवीज करावी लागते. कोणी कडू द्रव्य काढून टाकतात, कोणी साखर घालतात, तर कोणी सफरचंद किंवा द्राक्ष यांसारख्या दुसऱ्या गोड फळांचा रस मिसळतात. पुष्कळदा रस आधी आटवून दाट केलेला असतो व नंतर पाणी घालून पूर्ववत पातळ करतात. त्यास 'रीकॉन्स्टिट्यूटेड' रस म्हणतात. पाणी घालून मूळच्या इतकाच पातळ केला, तर तो रसच मानला जातो आणि 'साखर मिसळलेली नाही' हा दावा टिकतो. तोच दाट रस दुसऱ्या एखाद्या पेयात केवळ गोडीसाठी ओतला, तर नियमांच्या तिसऱ्या अटीचा भंग होतो व दावा टिकत नाही. हा भेद ओळखण्याचे साधन एकच, ते म्हणजे घटकांची यादी. तीत जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो प्रथम लिहिण्याचा नियम आहे. चित्र संत्र्याचे असून यादीत सफरचंदाचा दाट रस संत्र्याच्या आधी आला असेल, तर पेय मुख्यतः कशाचे आहे ते कळून येते.

जून २०२४ मध्ये प्राधिकरणाने या बाबतीत एक महत्त्वाचा आदेश काढला. पूर्ववत केलेल्या रसावर 'शंभर टक्के फळांचा रस' असे लिहू नये, वेष्टनांवरून व जाहिरातींतून तो दावा काढून टाकावा, असे उत्पादकांना सांगण्यात आले. पूर्ववत केलेल्या रसाच्या नावापुढे तसा स्पष्ट उल्लेख असावा आणि रसात किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा अधिक गोड द्रव्य घातले असेल तर त्यास 'स्वीटन्ड ज्यूस', म्हणजे गोड केलेला रस, म्हणावे, याचेही त्या वेळी स्मरण देण्यात आले.

नाव वाचा, मग आकडा वाचा

सर्व डब्यांत रसच असतो असेही नाही. 'फ्रूट ड्रिंक' या नावाने विकल्या जाणाऱ्या पेयात नियमाप्रमाणे फळांचा रस किमान दहा टक्के असला की पुरे. लिंबाच्या पेयात तर पाच टक्के चालतो. उरलेला भाग पाणी, साखर, आम्ल, रंग व सुगंध यांचा असतो. 'स्क्वॅश'मध्ये रस किमान २५ टक्के असतो, पण विरघळलेले घन पदार्थ किमान ४० टक्के असावे लागतात आणि ते बहुतांशी साखरेचेच असतात. स्क्वॅशच्या बाबतीत फसगत होत नाही, कारण ते गोड असते, पाणी घालून प्यावयाचे असते, पाहुण्यांसाठी असते, हे सर्वांना ठाऊक आहे. गोंधळ होतो तो रस आणि ड्रिंक यांच्यात, कारण दोन्ही एकाच आकाराच्या डब्यात, एकाच फळीवर ठेवलेले असतात.

कधी साखर न घालता कृत्रिम गोड द्रव्य घातलेले असते. तेव्हाही पेयावर 'साखर मिसळलेली नाही' असे शब्द येऊ शकतात. मुलासाठी घेताना घटकांच्या यादीत तेही पाहावे. थोडक्यात, डबा हाती घेतल्यावर प्रथम पदार्थाचे नाव, नंतर घटकांची यादी, आणि शेवटी एकूण साखरेचा आकडा, या क्रमाने वाचावे. तो आकडा १०० मिलिलिटरसाठी आहे की एका डब्यासाठी, ते पाहून गुणाकार करावा. समोरच्या बाजूची वाक्ये मग वाचली नाहीत तरी चालेल.

रस वर्ज्य आहे काय

याचा अर्थ रस हे विष आहे असा मुळीच नाही. शुद्ध रसात 'क' जीवनसत्त्व असते आणि शीतपेयापेक्षा तो निश्चितच बरा. प्रश्न प्रमाणाचा व सवयीचा आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार दोन वर्षांखालील बालकांना फळांचा रस किंवा साखरयुक्त पेये देऊ नयेत. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला १२५ मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला, आणि पाच वर्षांवरील मुलांना २५० मिलिलिटर, ही रसाची कमाल मर्यादा समजावी, व तोही शक्यतो ताजा असावा. ही कमाल मर्यादा आहे, दररोज एवढा रस दिलाच पाहिजे असा तिचा अर्थ नव्हे. बाजारातील २०० मिलिलिटरचा डबा अंगणवाडीतील बालकाच्या मर्यादेहून मोठा आहे, ही बाब येथे ध्यानात येते.

लहान बालकास संत्रे देताना बिया काढाव्यात, फोडीवरील पातळ साल सोलावी व आतला गर लहान तुकडे करून बसवून भरवावा. बी किंवा मोठी फोड घशात अडकण्याचा धोका असतो. तीन-चार वर्षांपुढील मूल फोड स्वतः चावून खाऊ शकते. घरी रस काढलाच तर तो न गाळता, साखर न घालता व लगेच द्यावा. ठेवून दिलेला रस कडवट झाला की त्यात साखर घालण्याचा मोह होतो, हे वर आलेच आहे.

येथे शेतकऱ्याच्या हिताचा प्रश्न उपस्थित होईल. नागपूरजवळील मिहान परिसरात २०२५ मध्ये संत्र्यावर प्रक्रिया करणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. आकाराने लहान, डागाळलेली किंवा हंगामाच्या गर्दीत भाव न मिळणारी संत्री प्रक्रियेला जातात, तेव्हा बागायतदाराचे नुकसान टळते, आणि ते व्हावयासच हवे. परंतु जे चांगले फळ शाळेपासून काही कोसांवर तोडले जाते, ते मुलांपर्यंत फळ म्हणूनच पोहोचले तर त्यात बागायतदाराचाही तोटा नाही.

एका क्रीडा संमेलनाचा हिशेब

शेवटी हा विचार व्यवहारात उतरवून पाहू. समजा, डिसेंबर महिन्यात केंद्रातील शाळांचे क्रीडा संमेलन आहे व ३०० मुलांना खाऊ द्यावयाचा आहे. २०० मिलिलिटरचे डबे घेतले तर वर दिलेल्या उदाहरणाप्रमाणे प्रत्येक मुलास सुमारे २१ ग्रॅम मुक्त साखर मिळेल, तंतुमय भाग जवळपास मिळणार नाही आणि ३०० रिकामे डबे मैदानावर उरतील. प्रत्येकी दोन संत्री दिली तर ६०० संत्री लागतील. एक संत्रे १५० ग्रॅमचे धरल्यास ती ९० किलो होतात. त्यांत मुक्त साखर काहीच नाही, तंतुमय भाग प्रत्येकी तीन-चार ग्रॅम मिळतो आणि साली खताच्या खड्ड्यात जातात. ९० किलो संत्र्यांचा त्या दिवशीचा भाव व ३०० डब्यांची किंमत ग्रामसेवकांनी शेजारी शेजारी मांडून पाहावी. हंगाम नसेल तर केळी, पेरू किंवा बोरे यांचा असाच हिशेब करता येतो.

शाळांतही या विषयाला जागा आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखविणारे फलक लावण्यास सांगितले. असा फलक जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकही खडू-फळ्यावर तयार करू शकतात. मुलांनी आणलेली रिकामी वेष्टने घ्यावीत, त्यांवरील एकूण साखरेचा आकडा डब्याच्या मापाने गुणावा आणि उत्तराला पाचने भागून चमचे काढावेत. गणिताच्या एका तासात हे होण्यासारखे आहे. फक्त फलकावर लिहिताना 'घातलेली साखर' हा रकाना न उतरविता 'एकूण साखर' हा रकाना उतरवावा. नाहीतर रसाच्या डब्यापुढे शून्य लिहिले जाईल, आणि ज्या गैरसमजातून आपण बाहेर पडू पाहतो तोच मुलांच्या वहीत पक्का होईल.